"आज रात्री लाईट तोडणार!"

आज एक छोटी गोष्ट ऐका.

मालगुंडच्या एका दुकानदार वहिनींना संध्याकाळी फोन आला. "महावितरणमधून बोलतोय. तुमचं मागचं बिल अपडेट नाही. रात्री साडेनऊला लाईट तोडणार."

वहिनींना फ्रीजमधलं दूध, आईस्क्रीम आठवलं. "अहो, बिल भरलंय!"

"मग लिंक पाठवतो. ते ॲप घ्या आणि फक्त दहा रुपये भरा, की अपडेट होईल."

दहा रुपयांचं काय एवढं, असं वाटतं. पण खरा डाव त्या ॲपमध्ये असतो. ते घेऊन परवानगी दिली, की आपल्या मोबाईलवरचं सगळं समोरच्याला दिसतं. दहा रुपये भरताना टाकलेला पासवर्ड आणि आलेला ओटीपी तो वाचतो, आणि खातं रिकामं करतो.

वहिनींनी विचारलं, "पंधरा दिवसांची नोटीस कधी दिलीत?" फोन कट!

वीज कायदा २००३ प्रमाणे बिल थकलं असलं तरी १५ दिवस आधी नोटीस द्यावीच लागते. महावितरणचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावात MSEDCL असतं.

शंका आली तर फोन ठेवा आणि स्वतः १९१२ ला विचारा. ॲप घेऊन बसलात तर आधी मोबाईलचं इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.