बिगूल वाजला, पण हुकूम कुणाचा?

काळ्या दारूच्या बंदुकांच्या जमान्यात लढाईला तोंड लागले की थोड्याच वेळात रणांगण पांढऱ्या धुराने भरून जाई. शेजारचा सैनिक जेमतेम दिसे, आणि सेनापतीचा आवाज तर पहिल्याच फैरीत बुडून जाई. हजारो माणसांना पुढे जा, थांबा, मागे फिरा हे सांगायचे कसे? त्याचे उत्तर ढोल आणि बिगूल या दोन वाद्यांत होते.

ढोलाचे मुख्य काम पावले जुळवण्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश पायदळाची साधी चाल मिनिटाला 75 पावलांची आणि जलद चाल 108 पावलांची ठरलेली होती. खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या रांगेत एकाचे पाऊल चुकले तर सगळी रांग वाकडी होई. पण विखरून, झाडाझुडपांच्या आडोशाने लढणाऱ्या हलक्या पायदळाला जड ढोल सोयीचा नव्हता. पावसात त्याचे कातडेही सैल पडे. या पलटणींनी बिगूल उचलला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हात आजही बिगूल आहे, तो याच परंपरेतून आलेला.

साध्या बिगुलाला ना छिद्रे असतात, ना कळा. सूर बदलतो तो फक्त ओठांच्या ताणाने आणि फुंकीने. त्यामुळे इशाऱ्यांसाठी जेमतेम पाच सूर हाती लागतात. सगळे हुकूम या पाच सुरांचा क्रम आणि लय बदलून बांधलेले असत. प्रत्येक पलटणीची स्वतःची ओळखीची सुरावट असे. ती आधी वाजे आणि तिच्यामागून हुकूम, म्हणजे तो नेमका कोणासाठी आहे हे सैनिकांना कळे. दूरवर ऐकू जावे म्हणून एका बिगूलवाल्याने वाजवलेला इशारा पुढचे बिगूलवाले उचलून धरत. सैनिकांकडून वर्षानुवर्षे एवढी कवायत करून घेतलेली असे, की सूर कानावर पडताच विचार करण्याआधी पाय हलत.

नेमका हाच गुण 20 सप्टेंबर 1854 रोजी अंगाशी आला.

क्रिमियातील आल्मा नदीकाठी त्या दिवशी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा रशियनांशी लढत होत्या. ब्रिटिशांच्या लाइट डिव्हिजनने नदी ओलांडली आणि तोफांचा मारा सोसत, चढ चढत रशियनांचा मोठा मोर्चा जिंकला. एवढ्यात वरून व्लादिमीर पलटणीची दाट फळी उतरू लागली. ‘ते फ्रेंच आहेत, गोळ्या झाडू नका’ अशी आरोळी कुणीतरी ठोकली. बंदुका थांबल्या. पाठोपाठ एका बिगुलावर माघारीचा इशारा वाजला आणि नेहमीच्या शिस्तीने इतर बिगूलवाल्यांनी तो पुढे पोहोचवला. अनेक अधिकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना, पण सूर पुन्हा वाजला आणि जिंकलेला मोर्चा सोडून सैनिक उतरू लागले. मदतीला वर येणाऱ्या स्कॉट्स फ्युजिलिअर गार्ड्सवर ते आदळले, त्यांचीही फळी फुटली.

तो हुकूम मुळात दिला कोणी, याचा उलगडा पुढे कधीच नीट झाला नाही. सुराला ना सही असते, ना शिक्का. तो एकदा हवेत गेला की खरा आणि चुकीचा सारखेच ऐकू येतात. नंतर गार्ड्स आणि हायलँडर पलटणींनी मोर्चा पुन्हा घेतला आणि लढाई जिंकली. पण दरम्यान पडलेल्या माणसांची किंमत त्या इशाऱ्यालाही मोजावी लागली, असेच म्हटले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली आणि रायफलींचा पल्ला वाढला. सैनिक दूरदूर पांगून, जमिनीला चिकटून लढू लागले. बिगूल वाजवणे म्हणजे शत्रूला आपली जागा सांगणे होऊन बसले. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हुकूम पोहोचवायला टेलिफोन, शिट्ट्या आणि निरोपे आले. तरीही सुरांवर उठायला शिकलेली शरीरे तीच होती.

ऑगस्ट 1914 मध्ये मोन्स आणि ल कातोच्या लढायांनंतर ब्रिटिश फौज फ्रान्समधून माघार घेत होती. 27 तारखेला सेंट क्वेंटिन गावाच्या चौकात शेकडो सैनिक थकव्याने फरशीवर आडवे झाले होते. गाव वाचावे म्हणून नगराध्यक्षांनी आग्रह धरला, दोन कर्नल शरणागतीला तयार झाले आणि तसा सही केलेला कागद नगराध्यक्षांच्या हाती गेला. घोडदळाचे मेजर टॉम ब्रिजेस तिथे पोहोचले, त्यांनी तो कागद परत मिळवला. पण माणसांना उठवायचे कसे? धमकावून ती हलण्यातली नव्हती, आणि बँड कुठेच नव्हता. ब्रिजेस खेळण्यांच्या दुकानात गेले आणि एक छोटा ढोल व एक पत्र्याची बासरी घेऊन आले. मग ते आणि त्यांचा ट्रम्पेटवाला चौकातल्या कारंज्याभोवती फेऱ्या मारत ओळखीच्या चाली वाजवू लागले.

आधी काही जण उठून बसले. काहींना हसू फुटले, कुणी टाळ्या पिटल्या. मग एकेक जण उभा राहू लागला. या वाजवण्यात कोणताही सांकेतिक हुकूम नव्हता. ठेका तेवढा ओळखीचा होता, आणि त्या ठेक्यावर पाऊल टाकायची सवय थकलेल्या अंगातही शिल्लक होती. त्या रात्री रांगा धरून हे सैनिक गावाबाहेर पडले आणि जर्मनांच्या हाती लागण्यापासून वाचले.