खुर्ची विकायला पाच शब्द

मार्च 2020 मध्ये कचेऱ्या बंद झाल्या आणि घरातली जेवणाची टेबलं रातोरात कामाची टेबलं झाली. खुर्ची मात्र जेवणाचीच राहिली. वीस मिनिटांत जेवून उठण्यासाठी केलेल्या खुर्चीवर माणसं आठ-नऊ तास बसू लागली, पाठीमागे उशी कोंबू लागली. हळूहळू ऑफिसच्या खुर्च्या थेट घरगुती गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या कंपन्या पुढे आल्या. त्यांच्या जाहिराती वाचल्या तर सगळ्या एकाच कंपनीच्या वाटतात. ‘आरामाची नवी व्याख्या’, ‘आरोग्यदायी बैठक, आनंदी जीवन’. या ओळींतून खुर्ची काढून गादी ठेवा, चप्पल ठेवा, काही बिघडत नाही. जी ओळ दुसऱ्याच्या मालालाही चालते, ती आपला माल विकत नाही.

मग ओळ आणायची कुठून? एक उदाहरण धरून चालू. पुण्यातली एक नवी कंपनी आहे असं समजा. तिला हवी आहे एक टॅगलाइन आणि तिच्याखाली तीन-चार वाक्यांचं वर्णन. मालकांनी दिलेली यादी नेहमीचीच: जाळीदार पाठ, कमरेचा आधार, वर-खाली होणारे हात, गॅसवर उचलली जाणारी बैठक. ही यादी खोटी नाही, पण प्रत्येक स्पर्धकाकडे तीच आहे. लिहिणाऱ्याने अशा वेळी यादी बाजूला ठेवून गिऱ्हाईक कसं बसतं ते बघावं.

आपलं गिऱ्हाईक धरू पाच फूट उंचीची बाई, दिवसभर लॅपटॉपवर काम करणारी. तिच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर चपलेसकट सुमारे 40 सेंटिमीटर. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्यांची बैठक 45च्या खाली येतच नाही. मग पाय लोंबकळतात आणि मांडीखाली बैठकीची कड रुतते. ती नकळत पुढे सरकते, पाठ मागच्या आधारापासून सुटते. कमरेचा आधार कितीही भारी असला तरी आता त्याला टेकणारं कोणी नाही. पाय लटकले म्हणून पाठ दुखते, हे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते दोष देतात पाठीलाच.

इथे ओळ सापडते: ‘पाय टेकले, की पाठ टेकते.’

पाच शब्द. रोजच्या बोलण्यातले, जोडाक्षर एकही नाही, फोनवर सांगितलं तरी कळतात. ‘एर्गोनॉमिक’ हा शब्द यात नाही, तो मुद्दाम खाली वर्णनात ठेवायचा, कारण लोक तो बोलत नसले तरी शोधताना टाइप करतात. गूगलच्या शोध-जाहिरातीत मथळ्याला 30 अक्षरांची आणि वर्णनाला 90 अक्षरांची मर्यादा असते. संगणक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतो, म्हणून मराठी ओळ दिसते त्यापेक्षा लांब भरते. आपली ओळ जागा आणि स्वल्पविराम धरून 23 मध्ये बसते.

पण ओळ सुचली म्हणजे ती खरी ठरली असं नाही. कंपनी म्हणाली, आमची बैठक 42पर्यंत खाली येते. छान. पण बाई बसणार कुठे? 75 सेंटिमीटर उंचीच्या जेवणाच्या टेबलाशी. बसल्यावर तिचं कोपर बैठकीपासून सुमारे 22 सेंटिमीटर वर येतं. बैठक 42वर ठेवली तर कोपर 64वर आणि टेबल 75वर, म्हणजे टाइप करताना खांदे कानाकडे चढणार. खांदे सैल ठेवायचे तर बैठक 53वर न्यायला हवी. आणि 53वर नेली की 40 सेंटिमीटरचे पाय 13 सेंटिमीटर हवेत! टॅगलाइन पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या घरात खोटी पडते.

दुसरी ओळ शोधणं हा यावरचा सोपा उपाय आहे. मला पटणारा उपाय म्हणजे मालकांना सांगणं, की खोक्यात पायपाट घाला, उंची बदलता येणारा. लिहिणाऱ्याने मालात ढवळाढवळ कशाला करावी, असं काही मालकांना वाटतं. पण वचन ओळीत द्यायचं आणि ते पुरं करणारी वस्तू गिऱ्हाइकाने वेगळी विकत घ्यायची, हे चालत नाही.

मालकांचा जीव बहुधा दुसऱ्याच ओळीत अडकलेला असतो: ‘पाठदुखीला रामराम’. ती कानाला गोडही आहे. मात्र हा आराम नव्हे, उपचाराचा दावा झाला. पाठदुखीची कारणं अनेक, आणि चांगल्या खुर्चीतही सलग चार तास न उठता बसलं की पाठ आखडतेच. जाहिरातीतला दावा सिद्ध करता आला पाहिजे, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिता सांगते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाली बारीक अक्षरांत ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ लिहून सुटताही येत नाही. 2022च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या अक्षरांतला खोटेपणा बारीक अक्षरांत दुरुस्त करायला मुभा नाही. ‘डॉक्टरांनी सुचवलेली’ हेही तसंच, कोणत्या डॉक्टरांनी, कशाच्या आधारावर, हे दाखवता येत नसेल तर खोडायचं.

आता वर्णन. टॅगलाइनचं काम थांबवण्याचं, तर वर्णनाचं काम शंका फेडण्याचं. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न ठरलेले असतात: ही माझ्यासाठी आहे का, माझ्या टेबलाशी जमेल का, नाही जमली तर काय? त्याच क्रमाने लिहायचं:

‘पाच ते साडेपाच फूट उंचीच्या, घरून काम करणाऱ्यांसाठी एर्गोनॉमिक खुर्ची. बैठक 42 ते 54 सेंटिमीटर उंचीवर लावता येते, त्यामुळे जेवणाच्या टेबलाशीही खांदे सैल राहतात. पाय टेकायला उंची बदलणारा पाट सोबत. 15 दिवस वापरून बघा, नाही जमली तर आम्ही घरून परत नेऊ.’

यात ‘प्रीमियम’ नाही, ‘अत्याधुनिक’ नाही. ‘पाच ते साडेपाच फूट’ वाचून मालक दचकतात, सहा फुटांचं गिऱ्हाईक गेलं म्हणून. ते जाऊ द्यावं. त्याने घेतली असती आणि ती जमली नसती तर त्याने ती परतच केली असती, आणि एवढं जड खोकं परत आणण्याचा खर्च कंपनीच्याच माथी बसला असता. अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीने 1994 मध्ये एरॉन खुर्ची काढली तीच तीन मापांत. एकच खुर्ची सगळ्यांना बसते, असं म्हणायला ती कंपनीही धजावली नाही.

शेवटच्या वाक्यातले 15 दिवस मात्र कंपनीला खरंच पाळता येणार असतील तरच लिहावेत. नुसती खुर्ची परत घेऊन पायपाटाचे पैसे कापले, की नाव जातं.

तुम्ही स्वतः खुर्ची घेणार असाल तर जाहिरात वाचण्याआधी चप्पल घालून टाचेपासून गुडघ्यामागपर्यंतचं अंतर मोजा, टेबलाची उंची मोजा, आणि वर्णनात बैठकीची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची शोधा. ती दिलेली नसेल तर विकणाऱ्याला विचारा. तो आकडा सांगायच्या ऐवजी ‘एकदम आरामदायी आहे’ म्हणाला, तर दुसरी खुर्ची बघा.