एक फोटो, एक वजाबाकी, चार इयत्ता

आजचा भाग माझ्या आत्याच्या एका फोनमुळे सुचलाय.

आत्या तालुक्याच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. त्या दिवशी दुसरे सर ट्रेनिंगला गेले होते, म्हणजे पहिली ते चौथी सगळी मुलं एकाच खोलीत. तिने वजाबाकीच्या एका वर्कशीटचा फोटो काढला आणि ॲपने त्यातले आकडे वेगळे करून घेतले. मग मला फोन: "अरे, हे काय भलतंच आलंय बघ."

आलं होतं असं:

```
५२ ६३ ८१
२७ ४५ ९६
```

कागदावर तीन उभी गणितं शेजारी शेजारी होती. असं ॲप साधारणपणे आडव्या ओळी शोधतं, म्हणून तिन्हींच्या वरच्या संख्या एका ओळीत आल्या आणि वजाबाकीची चिन्हं गळाली. शिवाय पानाच्या घडीची सावली १ वर पडली होती, त्यामुळे १६ चे ९६ झाले. ८१ मधून ९६ कसे जाणार? चूक कळली ती यावरूनच.

मी म्हटलं, "आत्या, दाराशी उजेडात जा, पान सपाट ठेव, बरोबर वरून फोटो काढ आणि एकेक गणित वेगळं क्रॉप कर. तरी शेवटी कागदाशी ताडून बघच."

ती म्हणाली, "एकच पुरे मला." आणि तिने ५२ − २७ घेतलं.

पहिलीच्या मुलांना काड्या दिल्या: ५२ मांडा, म्हणजे दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. दुसरीसाठी एककाचे आकडे अदलाबदल करून ५७ − २२ केलं. यात हातचा लागत नाही, उत्तर ३५. तिसरीला मूळचं ५२ − २७. चौथीला काम दिलं चूक शोधायचं: "एकाने ५२ − २७ चं उत्तर ३५ काढलंय. त्याने काय केलं असेल?"

गंमत इथेच आहे. हातचा न समजलेलं मूल २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधूनच २ काढतं. म्हणजे नकळत ते ५७ − २२ सोडवतं! तिसरीतल्या दोघांच्या पाटीवर ३५ दिसलं, तेव्हा अडचण नेमकी कुठे आहे ते आत्याला लगेच कळलं. पाढ्यात नाही, बेरजेत नाही, हातच्यात.

मग तिने त्या दोघांना पहिलीच्या मुलांनी मांडलेल्या काड्यांपाशी बसवलं. "७ सुट्या काढा." सुट्या तर दोनच. एकाने स्वतःच एक गठ्ठा सोडला. उरले ४ गठ्ठे, सुट्या झाल्या १२. त्यातून ७ गेल्या, ५ राहिल्या. मग २ गठ्ठे काढले, २ राहिले. उत्तर २५.

मला वाटत होतं, मी ॲपची अडचण सोडवतोय. पण ॲपने फक्त आकडे दिले होते. कुठला आकडा कुणापुढे ठेवायचा, हे आत्यालाच माहीत होतं.

तुमच्या शाळेत हातचा कसा शिकवला होता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!