रात्री दहानंतरचा मेसेज

पुण्यातल्या एका कंपनीत आरोग्य सत्र भरलं होतं. रक्तदाब, साखर, मानेचे व्यायाम हे नेहमीचं आटोपल्यावर हिशेब विभागातल्या एक मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. जेमतेम पाच मिनिटं बोलल्या. मागणी एकच होती : रात्री दहानंतर ऑफिसच्या ग्रुपवर काहीही टाकू नका.

त्यांनी एक जुना मेसेज वाचून दाखवला. वेळ १०:४०. ‘जीएसटीची फाईल कोणाकडे आहे? सकाळी सांगितलं तरी चालेल.’ पाठवणाऱ्याला खरंच घाई नव्हती. तरी एकाने लॅपटॉप उघडून फाईल पाठवली, दुसऱ्याला तिच्यात एक आकडा खटकला आणि पावणेबारापर्यंत ग्रुप वाजत राहिला. “मी एक अक्षरही लिहिलं नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण आपलं नाव येतंय का, ते बघत जागी होते.”

नेमकं हे वाट पाहणंच झोप बिघडवतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनीअरांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी झोपेत नोंदवल्या होत्या. तो अभ्यास १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. अलार्म वाजला तर उठायचं, अशी ड्युटी असलेल्या रात्री त्यांची गाढ झोप कमी झाली. विशेष म्हणजे हा परिणाम अलार्म वाजण्याआधीच्या झोपेतही दिसला. बोलावणं येईल, एवढी धास्तीच पुरेशी होती.

म्हणून ‘सकाळी बघा’ असं जोडून भागत नाही. एकदा रात्री मेसेज येऊ लागले, की फोन बंद करायचं धाडस कोणी करत नाही. त्यातून वरिष्ठांचा मेसेज असेल तर नाहीच नाही.

मॅडमनी सुचवलेला उपाय सोपा होता. काम खरोखर अडलं असेल तर थेट फोन करायचा. फोन करताना माणूस दोनदा विचार करतो, त्यामुळे बिनमहत्त्वाचं आपोआप गळतं. आणि तातडीचं काम फोनवरच येणार हे ठरलं, की ग्रुप बिनधास्त म्युट करता येतो. रात्री काही सुचलंच, तर ईमेल लिहून ‘शेड्यूल सेंड’ने सकाळची वेळ लावावी. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी रात्री काम करणाऱ्यांना किंवा रुग्णालयांना दहाचा नियम चालणार नाही. तिथे आज रात्री कोणी जागायचं याची पाळी लावावी, म्हणजे बाकीच्यांना झोपता येईल.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. मात्र ऑफिसच्या ग्रुपला त्यासाठी थांबायची गरज नाही. सुरुवात साहेबांनी करावी, कारण त्यांचा मेसेज थांबला तरच खालच्यांचे फोन बाजूला ठेवले जातील.