मंडलिकांच्या मुरुडविषयक निबंधाचा शोध : दुर्मिळ पुस्तक गांठण्याची एक रीत

दक्षिण कोंकणांतील गांवांच्या वसाहतीविषयीं लिहितांना मुरुडचें उदाहरण वारंवार दिलें जातें, आणि त्यास आधार म्हणून कै. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या निबंधाचें नांव घेतलें जातें. रावसाहेब (जन्म १८३३, मृत्यु १८८९) याच गांवचे. मुरुड हें नवें गांव कसें वसलें याची हकीकत सांगणारा एक जुना कागद त्यांनीं अभ्यासिला, व त्यावर इंग्रजींत जें प्रास्ताविक विवेचन लिहिलें तें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडांत छापलें गेलें. आमच्या पाहण्यांत आलेल्या दोन कुलवृत्तांतांत या निबंधांतील एकच मजकूर दोन तऱ्हांनीं उतरला होता. दोन्ही लेखकांनीं मूळ निबंध पाहिला नव्हता, हें उघड होतें. गांवच्या वसाहतीचा पुरावा अशा उताऱ्यावरून उतारा घेऊन टिकत नाहीं. म्हणून मूळ छापील पानें डोळ्यांखालून घालावीं असें आम्हीं ठरविलें. तें कसें साधलें, व कोठें फसलों, तें येथें देत आहों.

पहिलें काम पुस्तक शोधण्याचें नसून, आपण नेमकें काय शोधतों तें ठरविण्याचें असतें. हा निबंध स्वतंत्र पुस्तक म्हणून नव्हे, तर नियतकालिकाच्या एका खंडाचा भाग म्हणून प्रथम बाहेर आला. ग्रंथालयाच्या सूचींत अशा लेखाची निराळी नोंद सहसा नसते. तेथें खंडाची नोंद असते, आणि तीहि संस्थेच्या नांवाखालीं. ही संस्था आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नांवानें ओळखली जाते. त्यामुळें कांहीं सूचींत जुन्या नांवाखालीं, कांहींत नव्या नांवाखालीं, तर कांहींत नियतकालिकाच्याच नांवाखालीं तिचे खंड लावलेले आढळतात. याशिवाय रावसाहेबांचे लेख व भाषणें एकत्र करून नारायण विष्णु मंडलिक यांनीं १८९६ सालीं मुंबईस एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे मूळ खंड व हा संग्रहग्रंथ अशीं दोन निशाणें आमच्यापुढें होतीं. संग्रहांत निबंध आला आहे काय, आणि आला असल्यास अक्षरशः तसाच कीं कांहीं फेरफारानें, हें दोन्ही समोर ठेवून ताडल्यावांचून बोलूं नये, असा आम्हीं नियम केला.

दुसरी अडचण नांवांची. रोमन लिपींत मंडलिक हें आडनांव एकाच तऱ्हेनें लिहिलेलें नाहीं. विश्वनाथ हें नांवहि तसेंच. गांवाच्या नांवाचीहि तीच गत, आणि मुरुड नांवाचीं गांवें तरी किती! जंजिऱ्याजवळचें मुरुड निराळें, लातूर जिल्ह्यांतील निराळें, व आमचें हर्णैजवळचें दापोली तालुक्यांतील निराळें. केवळ गांवाच्या नांवावर शोध केला तर बहुतेक जंजिराच हातीं लागतो. म्हणून संगणकावरील सूचींत आम्हीं पुढील शब्द एकामागून एक घातले :

```
Mandlik Writings Speeches
Mandalika Visvanatha Narayana
Muruda Southern Konkan
```

यांपैकीं दुसरी ओळ परदेशांतील ग्रंथालयांसाठीं विशेष उपयोगी पडते, कारण तेथें भारतीय नांवें बहुधा संस्कृत वळणानें नोंदलेलीं असतात. तिसऱ्या ओळींतील गांवाचें नांव अकारान्त घ्यावें, कारण निबंधाच्या मथळ्यांत तें तसें आहे. जुन्या छापांत स्वरांवर खुणा असतात. यंत्रानें अक्षरें ओळखतांना त्यांचा विपर्यास होतो, म्हणून नुसत्या शब्दशोधानें पुस्तक सांपडलें नाहीं तर तें तेथें नाहींच असें समजूं नये. खंडाची अनुक्रमणिका स्वतः उघडून पाहावी.

सूचींचा उपयोग करतांना तिची हद्द कोठें संपते तें आधीं पाहिलें पाहिजे. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूचि ही १८०० ते १९३७ या काळासाठीं आमच्या नित्याच्या उपयोगाची. परंतु ती मराठी ग्रंथांची आहे. मंडलिकांचा संग्रहग्रंथ इंग्रजी असल्यामुळें तेथें त्याचा ठाव नसावयाचाच. आमचे एक स्नेही तेवढ्यावरून असा ग्रंथ निघालाच नाहीं, असें अनुमान काढून बसले होते. इंग्रजी ग्रंथासाठीं दुसरें साधन आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याप्रमाणें इलाख्यांत छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारांत होत असे, व त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. त्यांत पुस्तकाचें नांव, भाषा, छापखाना, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या व किंमत हीं दिलेलीं असतात. यांतील पृष्ठसंख्या शोधकाच्या मोठ्या कामाची. कारण हातीं आलेली प्रत पुरी आहे कीं शेवटीं तुटली आहे, हें तिच्यावरून कळतें. मात्र नियतकालिकाच्या आठव्या खंडांतील लेखास हें साधन लागू पडत नाहीं, कारण त्या याद्या पुस्तकांच्या आहेत, लेखांच्या नव्हेत.

ग्रंथालयांकडे वळतांना आम्हीं आणखी एक चूक करतां करतां वांचलों. रावसाहेबांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह पुण्यास फर्ग्युसन कॉलेजाकडे गेला हें ठाऊक असल्यामुळें, १८९६ चा ग्रंथ तेथें असणारच, असें प्रथम वाटलें. परंतु रावसाहेब १८८९ मध्यें निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेला ग्रंथ त्यांच्या स्वतःच्या संग्रहाचा भाग कसा असेल? तो त्या कॉलेजांत असलाच तर मागाहून आलेला, व निराळ्या नोंदींत असणार. उलट, निबंधाची सुटी छापलेली प्रत लेखकास मिळाली असेल तर ती जुन्या संग्रहांत, एखाद्या संकीर्ण बांधणीच्या पोटांत असूं शकेल. कोणत्या संग्रहांत काय मागावें हें असें तारखांवरून ठरतें.

मुरुडसारख्या ठिकाणीं बसून काम करणाऱ्यास आंतरग्रंथालयीन देवघेव हाच खरा आधार होय. वाचकानें स्वतः दूरच्या ग्रंथालयास लिहून चालत नाहीं. आपण ज्या ग्रंथालयाचे सभासद असूं त्याच्यामार्फत मागणी जावी लागते. डेलनेटसारख्या जाळ्याचें तें सभासद असेल तर काम सुलभ होतें, व विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील प्रती इंडकॅट या एकत्रित सूचींत पाहतां येतात. परंतु शंभर वर्षांवरील पुस्तक व नियतकालिकाचा बांधलेला खंड बहुधा कोणी बाहेर देत नाहीं, आणि तें योग्यच आहे. आमची पहिली मागणी याच कारणानें परत आली. दुसऱ्या वेळीं आम्हीं पुस्तक मागितलें नाहीं. मुखपृष्ठ, त्याची पाठ, अनुक्रमणिका, निबंधाचीं सर्व पानें व खंडाचें शेवटचें पान, एवढ्यांचीं छायाचित्रें मागितलीं, आणि लेखाचा उल्लेख आम्हांस कोठें मिळाला तेंहि लिहिलें. ही मागणी मान्य झाली. मुखपृष्ठ व पाठ मागण्याचें कारण असें कीं, खंडांतील लेख वाचले गेल्याचें वर्ष एक, व खंड छापून बाहेर पडल्याचें वर्ष दुसरें, असें पुष्कळदां असतें. एकाच निबंधाचीं दोन वर्षें निरनिराळ्या पुस्तकांत दिलेलीं दिसतात त्याचें मूळ बहुधा येथें असतें.

संग्रहग्रंथासाठीं आम्हीं जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडे फिरलों. अशा ठिकाणीं इतिहासाचें पुस्तक हवें, असें मोघम सांगून कांहीं निघत नाहीं. लेखक, संपादक, साल व भाषा एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी. व्यापारी एखाद्या वकिलाच्या वा इनामदाराच्या घरचा सबंध संग्रह उचलतो तेव्हां ती चिठ्ठी कामास येते. मंडलिक हे हिंदुधर्मशास्त्राचे ग्रंथकार म्हणून वकिलांत प्रसिद्ध असल्यामुळें त्यांचीं पुस्तकें कायद्याच्या ढिगांत जाऊन पडतात, इतिहासाच्या नव्हे. एका ठिकाणीं ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत आमच्यापुढें आली. परंतु ती रद्द करून विकली, असा शेरा कोठें नव्हता. अशी प्रत कितीहि स्वस्त असो, घेऊं नये. आम्हीं ती घेतली नाहीं व शिक्क्याच्या धन्यास कळविलें.

शेवटीं संगणकावरील विक्रीच्या जाहिराती. तेथें आम्ही फसलों. पुस्तकाचें नांव व साल बरोबर पाहून मागविलेली प्रत आली ती अलीकडे मागणीप्रमाणें छापलेली नक्कल निघाली. तिच्यांत दोन पानें दोनदां आलीं होतीं व पुढचीं दोन मुळींच नव्हतीं. छायाचित्र घेणाऱ्याकडून पान उलटतांना चूक झाली असावी. ही फसवणूक ओळखण्यास एक सोपी खूण आहे. पुस्तकांस आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक देण्याची पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली. तेव्हां १८९६ च्या ग्रंथाच्या जाहिरातींत तो क्रमांक असेल तर ती प्रत १८९६ ची नव्हे. बांधणी, कागद, कीड, डाग यांविषयीं एकहि शब्द नसणें ही दुसरी खूण. विक्रेत्यास मुखपृष्ठाचें व शेवटच्या पानाचें छायाचित्र मागावें. खरी प्रत ज्याच्या हातीं आहे त्यास तें देण्यास अडचण पडत नाहीं.

नक्कल अगदींच टाकाऊ नसते. कोठलें पान कोठें आहे हें समजण्यास ती पुरते. मात्र उतारा तिच्यावरून देऊं नये. तसेंच, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें लोटल्यामुळें मंडलिकांचें लेखन आपल्या कायद्यानें केव्हांच मुक्त झालें आहे. तरी परदेशांतील कांहीं संगणकीय संग्रह वाचकाच्या देशाप्रमाणें दार उघडतात वा मिटतात. एका संग्रहांत पुस्तक बंद दिसलें म्हणून दुसऱ्यांत पाहण्याचें सोडूं नये.

या शोधांत जेथें कांहीं मिळालें नाहीं, त्या जागाहि आम्हीं तारखेसह व वापरलेल्या शब्दांसह टिपून ठेविल्या आहेत. नाहींतर तेंच दार पुनः पुनः ठोठावण्यांत वर्ष जातें. आठव्या खंडांतील पानें समोर येतांच कुलवृत्तांतांतील दोन उताऱ्यांचा निकाल लागला : दोघांपैकीं एकानें निबंधकाराचें मत व कागदांतील हकीकत यांची सरमिसळ केली होती. दुसऱ्याचा उतारा संक्षिप्त, परंतु प्रामाणिक होता.

असो. छापील निबंध सांपडला तरी तो ज्या कागदावर उभा आहे तो कागद नव्हे. मुरुड, हर्णै, आंजर्लें या बाजूच्या जुन्या घरांत, किंवा येथून घाटावर गेलेल्या कुटुंबांच्या दप्तरांत, गांवच्या वसाहतीच्या हकीकतीची नक्कल कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं ती उजेडांत आणावी. निदान पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, पानांची संख्या व कागदाचें माप कळविलें तरी ताडून पाहण्याचें काम पुढें चालवितां येईल.