ओळी का गुदमरतात?

‘कुंभारी’ लिहिताना पहिल्याच अक्षराला वर अनुस्वार, खाली उकार. रोमन लिपीला पुरणारे १२० टक्के ओळअंतर इथे तोकडे पडते: वरच्या ओळीतल्या ‘चिठ्ठी’चा ठ्ठ खाली उतरतो आणि खालच्या ‘कर्मचारी’चा रफार त्याला भिडतो. जोडाक्षर हलन्त देऊन फोडले, तर उंची वाचते. पण वाचणारा अडखळतो. अंतर वाढवले तर जागा कुठून आणायची, हा आक्षेप रास्त आहे. मात्र २४ पॉइंटचा मजकूर १२० टक्क्यांवर जवळपास २९ पॉइंट उंची घेतो. २० पॉइंटचा १४५ टक्क्यांवर तेवढीच. अक्षर लहान झाल्याने ओळीत शब्दही जास्त मावतात. लांबून वाचायचे पोस्टर असेल, तर मात्र अक्षर नव्हे, मजकूरच कापा.