डुकरीण पिल्लं चिरडते? आधी कोपरा गरम करा

रात्री डुकरीण व्याली, दहा-बारा पिल्लं झाली आणि सकाळी दोन-तीन तिच्या अंगाखाली मेलेली सापडली, ही वराहपालकांची नेहमीची तक्रार. दोष डुकरिणीला दिला जातो. पण बऱ्याचदा त्यामागे थंडी असते.

नवजात पिल्लाच्या अंगात चरबी जवळपास नसते. त्याला पहिले काही दिवस ३२ ते ३५ अंश ऊब लागते. आईला मात्र २० अंशांच्या आसपासच बरं वाटतं. सगळं शेड तापवलं तर ती धापा टाकते, कमी खाते, दूध आटतं. गार ठेवलं तर पिल्लं उबेला तिला चिकटून झोपतात आणि दीड-दोनशे किलोचं धूड बसताना खाली सापडतात. पहिले तीन दिवस हा धोका सर्वांत जास्त.

म्हणून शेड नाही, कोपरा तापवायचा. लाकडी खोकं किंवा विटांचा आडोसा करायचा, तोंड पिल्लू शिरेल एवढंच ठेवायचं. आत कोरडा पेंढा आणि वर दीड-दोन फुटांवर १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, जाळी लावून पक्का बांधलेला. पेंढा पेट घेतो, इथे हयगय नको. एलईडी लावून उपयोग नाही, त्यात उजेड असतो, ऊब नसते. बल्ब विण्याआधीच चालू करावा. पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपली तर गार पडतंय, बल्बपासून लांब पळाली तर जास्त तापतंय. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवता येतात.

डुकरीण भिंतीला टेकत घसरत खाली बसते. त्यामुळे भिंतीपासून ८ ते १० इंच सोडून आणि जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर लोखंडी पाईप बसवला की पिल्लाला निसटायला जागा राहते.

तिसरी गोष्ट चिकाची. उपाशी पिल्लू सुस्त होतं, सुस्त पिल्लू बाजूला सरकत नाही. पुसून कोरडं केलं की लगेच सडाला लावायचं. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. समजा पिल्लं १२ आणि चालू सड १० आहेत. तर पोट भरलेली सहा धट्टीकट्टी पिल्लं पाठीवर खडूची खूण करून तासभर गरम खोक्यात कोंडायची. तेवढ्यात बारकी सहा निवांत पितात. मग मोठी सोडायची. पहिल्या दिवशी असं दोन-तीनदा केलं तरी बारकी तगतात.

एवढं करूनही पिल्लं सारखी ओरडत असतील तर डुकरिणीकडे बघा. ती पोटावर दबून सड लपवत असेल, कास कडक आणि गरम लागत असेल, खाणं सोडलं असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.